ओळख रोजच्या विजेची : सुटी बॅटरी, विमान आणि शंभरची रेघ

गेल्या आठवड्यात आपण लॅपटॉपच्या चार्जरवरची पट्टी वाचली. आज बॅटरीवरची पट्टी वाचू, कारण परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला हमखास सांगितल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये जुन्या लॅपटॉपची बॅटरी असते. इथे ते मॉडेल मिळत नाही, तिकडे मिळतं, म्हणून दुबईहून येणारा भाचा ती घेऊन येतो. विमानतळावर त्याला दोनच प्रश्न पडतात: ही बॅटरी चालेल का, आणि ती कुठल्या बॅगेत ठेवायची?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पट्टीवरच असतं. सहा सेलच्या एका नेहमीच्या, काढता येणाऱ्या बॅटरीवर असं छापलेलं असतं:

```
10.8V   5200mAh   56Wh
```

विमानाच्या नियमाला यातला शेवटचा आकडाच लागतो. तो वॉट-अवरचा, म्हणजे बॅटरीत एकूण किती ऊर्जा साठते त्याचा. हा आकडा पुसला गेला असेल किंवा छापलेलाच नसेल, तर आधीच्या दोन आकड्यांवरून तो काढता येतो. मिलीअँपिअर-अवरला हजाराने भागलं की ५.२ अँपिअर-अवर मिळतात. त्याला १०.८ व्होल्टने गुणलं की ५६.१६ येतात. पट्टीवर तेच ५६ असं पूर्णांकात लिहिलेलं आहे.

गुणाकार शाळेतला आहे, पण व्होल्टचा आकडा कुठून उचलायचा यात गफलत होते. लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा १९.५ व्होल्ट लिहिलेलं असतं. घाईत तो आकडा धरला तर ५.२ गुणिले १९.५ म्हणजे १०१.४ येतात आणि निर्धास्तपणे नेता येण्यासारखी बॅटरी कागदावर मर्यादेबाहेर जाते. चार्जरचे व्होल्ट लॅपटॉपच्या आतल्या सर्किटसाठी असतात, बॅटरीशी त्यांचा थेट संबंध नाही. दुसरी गफलत पूर्ण चार्जच्या व्होल्टची. लिथियम-आयन सेल भरला की साधारण ४.२ व्होल्टपर्यंत चढतो आणि वापरात उतरत जातो. पट्टीवर मधला, नाममात्र व्होल्टेज छापतात आणि हिशेबाला तोच धरायचा. पॉवर बँकेचंही तसंच. बाहेर ५ व्होल्ट मिळत असले, तरी २०,००० मिलीअँपिअर-अवरचा आकडा सहसा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणून ती ७४ वॉट-अवरची होते.

बॅटरी लॅपटॉपच्या पोटात असेल आणि पट्टी दिसत नसेल, तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

अहवालाची फाइल कुठे साठवली ते पडद्यावर दिसतं. त्या फाइलीत `DESIGN CAPACITY` समोरचा आकडा पाहा. तो मिलीवॉट-अवरमध्ये असतो, हजाराने भागा. खाली `FULL CHARGE CAPACITY` हा आकडा असतो, तो झिजलेल्या बॅटरीची आजची क्षमता सांगतो. नियमासाठी कारखान्याने ठरवलेली क्षमताच मोजतात. बॅटरी जुनी झाली किंवा निम्मीच भरलेली आहे म्हणून तिचे वॉट-अवर कमी धरले जात नाहीत.

आता रेघ कुठे आहे ते पाहू. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या धोकादायक मालाच्या नियमांनुसार १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी प्रवाशाला विमान कंपनीची वेगळी परवानगी न घेता स्वतःच्या वापरासाठी नेता येते. १०० च्या वर आणि १६० पर्यंत असेल तर कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या जास्तीत जास्त दोनच नेता येतात. व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मोठ्या बॅटऱ्या या गटात सापडतात. १६० च्या पुढची लॅपटॉपची किंवा कॅमेऱ्याची बॅटरी प्रवाशाच्या सामानातून जातच नाही. लॅपटॉप बनवणाऱ्यांनीही ही रेघ पाळली आहे. ॲपलने २०१९ साली काढलेल्या १६ इंची मॅकबुक प्रोची बॅटरी नेमकी १०० वॉट-अवरची होती, आणि गेमिंगच्या दणकट लॅपटॉपमध्येही बॅटरी ९९ च्या आसपास येऊन थांबते.

ही मर्यादा प्रत्येक बॅटरीला वेगळी लागू होते. ५६ च्या दोन बॅटऱ्या घेतल्या म्हणून ११२ होत नाहीत. दोन्ही पहिल्याच गटात राहतात. कंपन्यांना मात्र याहून कडक नियम करायची मुभा आहे आणि त्या करतात. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रत्येक प्रवाशाला १०० वॉट-अवरच्या आतली एकच पॉवर बँक न्यायला परवानगी दिली आणि विमानात ती वापरायला मनाई केली. तिकिटाच्या कंपनीचं बॅटरीविषयीचं पान वाचल्याशिवाय निघू नये.

दुसरा प्रश्न बॅगेचा. सुटी बॅटरी केबिनमध्येच न्यायची, चेक-इन बॅगेत कधीही ठेवायची नाही. पुष्कळांना हे उलटं वाटतं: धोक्याची वस्तू माणसांपासून लांब, विमानाच्या पोटात का नको? याचं उत्तर सेल कसा पेटतो यात आहे. सेलच्या आत दोन ध्रुवांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. शॉर्ट होऊन, चेपून किंवा सदोष बनावटीमुळे सेल तापला की हा पडदा वितळतो, दोन्ही ध्रुव एकमेकांना भिडतात आणि सेल स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापत जातो. मग शेजारचा सेल, त्याच्या शेजारचा. सामानाच्या कक्षात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणारी उष्णता थांबत नाही. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, कर्मचारी ज्वाळा विझवतात आणि मग भरपूर पाणी ओतून बॅटरी थंड करतात. पाण्याची खरी गरज आग विझल्यावरच्या या टप्प्यात असते.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने लॅपटॉप ठेवलेल्या बॅगांवर चाचण्या केल्या, त्यातली एक मला फार बोलकी वाटते. लॅपटॉपची बॅटरी मुद्दाम तापवली, शेजारी केसांच्या ड्राय शाम्पूचा एक डबा ठेवला. आग जवळजवळ लगेच लागली आणि चाळीस सेकंदांच्या आत डबा फुटला. चेक-इन बॅगेत बॅटरी आणि स्प्रेचा डबा कसे सहज शेजारी येतात, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

लॅपटॉपमध्ये बसवलेल्या बॅटरीपेक्षा सुटीवर जास्त बंधनं का? कारण तिच्या टोकांना संरक्षण नसतं. खिशातली नाणी, किल्ल्या, साखळी दोन टोकांना एकदम टेकली की शॉर्ट होतो. म्हणून नवी बॅटरी मूळ खोक्यातच ठेवा. खोकं नसेल तर धातूच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. फुगलेली, चेपलेली किंवा कंपनीने परत बोलावलेली बॅटरी कुठल्याच बॅगेतून नेऊ नये, मग तिचे वॉट-अवर कितीही कमी असोत.

सगळं नीट करूनही एक जागा निसटते. विमान भरलेलं असलं की शेवटच्या क्षणी दारापाशी केबिन बॅग मागून घेतात आणि खाली सामानात पाठवतात. त्या बॅगेत सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक असेल, तर बॅग देण्याआधी ती काढून हातात घ्यायची. म्हणून बॅटऱ्या बॅगेच्या तळाशी न पुरता वरच्याच कप्प्यात ठेवाव्यात, आणि वॉट-अवरची पट्टी बाहेरून दिसेल अशा.

पुढच्या भागात : फुगलेली बॅटरी कशी ओळखायची आणि ती कुठे द्यायची.