पुढच्या राउंडआधी विचारून घ्या

"तुमचा पहिला राउंड क्लिअर झालाय. गुरुवारी चारला टेक्निकल आहे, जमेल ना?" रिक्रूटरचा असा फोन आला की बहुतेक उमेदवार "हो हो, थँक यू" म्हणून फोन ठेवतात. आपण कुठे कमी पडलो हे विचारायची सगळ्यात चांगली वेळ मात्र हीच असते. नकार आल्यावर विचारलं तर "दुसरे उमेदवार अधिक योग्य वाटले" यापलीकडे सहसा काही हाती लागत नाही. त्या वेळी खरं कारण सांगितलं की वाद होतो, कधी तक्रारही होते, म्हणून कंपन्या तोंड बंद ठेवतात. दोन राउंडच्या मधे परिस्थिती उलटी असते. रिक्रूटरला जागा भरायची असते आणि आपण पुढे पाठवलेला उमेदवार टिकावा असं त्यालाही वाटत असतं. तो कन्सल्टन्सीचा असेल तर तिची फी बहुधा उमेदवार रुजू झाल्यावरच निघते.

मात्र "काही फीडबॅक आहे का?" असं विचारू नये. त्याला "पॉझिटिव्ह आहे" एवढंच उत्तर येतं. मुलाखत घेणाऱ्याने रिक्रूटरकडे बहुतेक वेळा दोन-चार ओळींचा शेरा दिलेला असतो. त्यातली शंकेची ओळ तुम्हाला हवी असते.

समजा, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टरच्या जागेसाठी चार वर्षं अनुभव असलेली मुलगी मुलाखत देते आहे. गुरुवारची वेळ ठरल्यावर ती म्हणते, "सर, तयारीसाठी एक विचारू? माझ्या कुठल्या उत्तराबद्दल त्यांना अजून शंका राहिली?" रिक्रूटर शेरा उघडून बघतात आणि सांगतात, "ऑटोमेशनबद्दल तुम्ही बोललात, पण त्यात तुमचं स्वतःचं काम किती, ते त्यांना कळलं नाही." ती लगेच पुढचं विचारते, "म्हणजे कोड मी लिहिला का, की काय टेस्ट करायचं ते मी ठरवलं का?" उत्तर येतं, "कोडचं. गुरुवारी जे घेणार आहेत, ते स्वतः कोड लिहितात."

हा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. तो विचारला नसता तर तिने दोन दिवस एखादं नवं टूल शिकण्यात घालवले असते. आता ती स्वतः लिहिलेली एकच स्क्रिप्ट निवडते. लॉगिनची ती टेस्ट कधी पास व्हायची, कधी उगाच फेल. कारण पान उघडायला कधी वेळ लागायचा आणि स्क्रिप्ट मात्र `Thread.sleep` वापरून ठरावीक सेकंदच थांबायची. तिने तिथे `WebDriverWait` वापरून बटण क्लिक करण्याजोगं होईपर्यंत थांबायची सोय केली, तेव्हा ते उगाच फेल होणं थांबलं. अडचण कशी लक्षात आली, बदल कुठे केला, टीममधल्या दुसऱ्या कुणी काय केलं, हे ती तीन मिनिटांत सांगता येईल असं मोठ्याने बोलून बसवते. पहिल्या राउंडमध्ये "आम्ही फ्रेमवर्क केलं" एवढ्यावर निसटलेलं उत्तर आता उभं राहतं.

सगळेच शेरे इतके सरळ नसतात. "कम्युनिकेशन सुधारा" हा सर्वांत फसवा. ऐकणाऱ्याला वाटतं, इंग्रजी कच्चं पडलं. पुष्कळदा उत्तर लांबलं आणि मुद्दा शेवटपर्यंत आलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. म्हणून "कुठल्या प्रश्नाच्या वेळी असं वाटलं?" हे विचारावंच. शिवाय पहिला राउंड कुणी घेतला तेही लक्षात ठेवावं. तो रिक्रूटरनेच घेतला असेल, तर पगाराची अपेक्षा, नोटीस पीरियड, नोकरी का सोडताय, या बाबतींत त्यांचं मत पक्कं असतं. तांत्रिक उत्तरांबद्दल ते जे सांगतात ते ऐकीव असतं, आणि तेही एकाच माणसाचं. तेवढ्यावरून आपली सगळी बोलण्याची पद्धत बदलू नये. एका उत्तराबद्दल शंका असेल तर तेवढंच उत्तर दुरुस्त करावं.

हे शक्यतो फोनवरच विचारावं. ईमेलवर लेखी काही द्यायला रिक्रूटर कचरतात. आणि मिळालेल्या शेऱ्यावर "पण मी तर सांगितलं होतं" असा खुलासा करू नये. पुढच्या वेळी ते काही सांगणार नाहीत.

काही कंपन्यांत निकाल लागेपर्यंत शेरा सांगायला साफ मनाई असते. तसं असेल तर आग्रह सोडून पुढच्या राउंडबद्दल विचारावं. कोण घेणार आहे, त्यांचं रोजचं काम काय, किती वेळ चालेल, स्क्रीन शेअर करून कोड लिहायला लावतात की नुसतं बोलणं असतं? हे सांगायला बहुतेक ठिकाणी आडकाठी नसते, आणि "पाऊण तास, कोड लिहून दाखवायचाय" एवढं कळलं तरी बुधवारची संध्याकाळ कशात घालवायची ते ठरतं.