आकडे सहा, मांडण्या तीन

सरकारी अहवालांत आणि त्यांवर बेतलेल्या बातम्यांत अशी वाक्यं हमखास भेटतात: ‘महाराष्ट्रात १९९१ साली पुरुषांची व स्त्रियांची साक्षरता अनुक्रमे ७६.५६ व ५२.३२ टक्के होती, ती २००१ मध्ये अनुक्रमे ८५.९७ व ६७.०३ टक्के आणि २०११ मध्ये अनुक्रमे ८८.३८ व ७५.८७ टक्के झाली.’ आकडे जनगणनेचे आहेत, बरोबर आहेत, व्याकरणही ठीक आहे. तरी वाचून झाल्यावर डोक्यात काही उरत नाही. प्रत्येक ‘अनुक्रमे’पाशी नजर मागे जाते, कुठला आकडा कुणाचा ते जुळवते आणि पुढच्या आकड्यापर्यंत ते विसरते.

हे सहा आकडे छापायचे तर वाक्यात लिहावेत, तक्त्यात मांडावेत की त्यांचा आलेख काढावा? बहुतेक ठिकाणी याचा निर्णय पानावर जागा किती आहे किंवा पान रिकामं दिसतंय का, यावर होतो. तो वाचकाने या आकड्यांचं काय करावं अशी आपली अपेक्षा आहे, यावर व्हायला हवा. त्यासाठी हेच सहा आकडे तिन्ही प्रकारे मांडून पाहू.

आधी वाक्य. वाक्यात दोन आकडे सहज मावतात, तीन कसेबसे मावतात. म्हणजे सहांतले काही गाळावे लागतील आणि कोणते गाळायचे ते ठरवण्यासाठी आपल्याला काय सांगायचंय ते आधी ठरवावं लागेल. समजा, स्त्री-पुरुषांमधली तफावत सांगायची आहे. मग वाक्य असं होईल: ‘साक्षरतेत स्त्रिया पुरुषांपेक्षा १९९१ मध्ये २४ टक्के बिंदूंनी मागे होत्या, २०११ मध्ये साडेबारा बिंदूंनी.’ मूळ सहांपैकी एकही आकडा यात नाही. वजाबाकी लेखकाने केली आणि वाचकाच्या हाती उत्तर दिलं. सांगण्यासारखी गोष्ट एकच असेल तर याहून चांगली मांडणी नाही.

यात एक जागा सांभाळायची असते. २००१ ते २०११ या काळात स्त्रियांची साक्षरता ६७.०३ वरून ७५.८७ वर गेली. ही वाढ ८.८४ टक्के बिंदूंची आहे. पण ६७.०३ हा पाया धरला तर तीच वाढ १३ टक्क्यांची होते. दोन्ही हिशेब बरोबर आहेत आणि नुसतं ‘इतके टक्के वाढ’ असं लिहिलं तर कोणता हिशेब केला ते वाचकाला कळायला मार्ग नाही. तक्त्यात मूळ आकडे समोर असतात, त्यामुळे शंका आली तर वाचक स्वतः ताळा करू शकतो. वाक्यात ती सोय नसते, म्हणून तिथे ‘बिंदू’ हा शब्द गाळता येत नाही.

वाक्याची दुसरी अडचण अशी की ते एकच गोष्ट सांगतं आणि बाकीच्या झाकतं. याच सहा आकड्यांवरून दुसरं वाक्यही लिहिता येतं: ‘१९९१ ते २००१ या दशकात स्त्रियांची साक्षरता जवळजवळ १५ बिंदूंनी वाढली, पुढच्या दशकात मात्र ९ बिंदूंचीही भर पडली नाही.’ पहिलं वाक्य वाचून समाधान वाटतं, दुसरं वाचून काळजी. दोन्ही खरी आहेत. एकाच वाक्यावर वाचकाची बोळवण करायची नसेल तर तक्ता लागतो.

| जनगणना | स्त्रिया (%) | पुरुष (%) | तफावत (बिंदू) |
|---|---|---|---|
| १९९१ | ५२.३ | ७६.६ | २४.२ |
| २००१ | ६७.० | ८६.० | १८.९ |
| २०११ | ७५.९ | ८८.४ | १२.५ |

(सात वर्षांवरील लोकसंख्येतील साक्षरांचं प्रमाण. तफावत मूळ, दोन दशांशी आकड्यांवरून काढली आहे.)

तफावतीचा रकाना वरून खाली वाचला तर पहिल्या दशकात ती ५.३ बिंदूंनी घटली, दुसऱ्यात ६.४ बिंदूंनी. म्हणजे तफावत मिटण्याचा वेग वाढला. आता स्त्रियांचा रकाना वाचा: त्यांच्या वाढीचा वेग कमी झाला आहे. वेग कमी होऊनही तफावत जास्त झपाट्याने कशी मिटली? याचं उत्तर पुरुषांच्या रकान्यात आहे. त्यांची साक्षरता पहिल्या दशकात ९.४ बिंदूंनी वाढली आणि दुसऱ्यात जेमतेम २.४. ते वरच्या टोकाजवळ पोचले होते, वर चढायला जागा कमी उरली होती. आधीच्या दोन वाक्यांपैकी एकातही ही गोष्ट नव्हती. तीन ओळींच्या तक्त्याने ती आडव्याउभ्या वाचनातून दाखवली.

असं वाचन जमावं म्हणून तक्ता रचताना थोडी मेहनत घ्यावी लागते. ब्रिटनमधील संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू एरेनबर्ग यांनी १९७७ मध्ये या विषयावर एक निबंध लिहिला होता. त्यातले नियम साधे आहेत. ज्या आकड्यांची तुलना व्हावी ते एकाखाली एक ठेवा, कारण नजर आडवी फिरण्यापेक्षा उभी उतरताना फरक लवकर टिपते. आकडे जमतील तितके पूर्णांकाजवळ आणा. ओळींचा क्रम अर्थपूर्ण ठेवा. वरच्या तक्त्यात वर्षं ओळींत आहेत ती याच कारणाने, काळाबरोबर झालेला बदल एका रकान्यात उतरत जातो. तफावत ओळीत आडवी शोधावी लागली असती, म्हणून तिला वेगळा रकाना दिला.

आकडे पूर्णांकात आणावेत हा नियम इथे मी अर्धवटच पाळला, त्याला कारण आहे. दशांश पूर्ण काढून टाकला तर १९९१च्या ओळीत ५२, ७७ आणि २४ हे आकडे येतात. ७७ मधून ५२ वजा केले तर २५ उरतात, २४ नाहीत. चोखंदळ वाचक तिथेच थबकतो आणि पुढच्या आकड्यांवरचा त्याचा विश्वास उडतो. एक दशांश ठेवल्यावरही पहिल्या दोन ओळींत ०.१ चा फरक राहतोच. त्यासाठीच तक्त्याखाली टीप आहे. आकडे जवळच्या अंकात आणले की वजाबाक्या आणि बेरजा पुन्हा करून पाहायच्या आणि जिथे जुळत नाहीत तिथे कारण लिहायचं.

आता आलेख. शाळेच्या पुस्तकातला जोडस्तंभालेख आठवा, तीन वर्षं आणि प्रत्येक वर्षी दोन स्तंभ. संगणकावर तो दोन मिनिटांत तयार होतो, पण उभा अक्ष शून्यापासून सुरू झाला आहे की नाही हे आधी पाहायला हवं. काही वेळा जागा वाचवायला म्हणून तो ५० पासून सुरू केलेला असतो. मग १९९१ मधील स्त्रियांच्या स्तंभाची उंची २.३ एवढीच उरते आणि पुरुषांच्या स्तंभाची २६.६. पुरुषांचा स्तंभ अकरा पटींहून उंच दिसतो. प्रत्यक्षात त्यांची साक्षरता स्त्रियांच्या दीडपटही नव्हती. बाजूला आकडे कितीही बरोबर छापा, डोळा स्तंभाची लांबीच मोजतो.

रेषालेखाला हे बंधन इतकं कडक नाही, कारण तिथे आपण लांबी पाहत नाही, बिंदूची जागा आणि रेषेचा चढ पाहतो. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये केलेल्या प्रयोगांतही हेच दिसलं. एकाच मोजपट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक ओळखतो. लांबी, कोन आणि क्षेत्रफळ यांचा अंदाज त्याहून चुकतो. वृत्तालेखात कोन आणि क्षेत्रफळच तेवढं हाती असतं, म्हणून त्यात जवळपासच्या टक्केवाऱ्यांमधला फरक कळत नाही.

मग या सहा आकड्यांचा रेषालेख काढावा का? स्त्रियांची रेष चढत पुरुषांच्या रेषेकडे सरकते आहे आणि पुरुषांची आडवी होत चालली आहे, एवढं त्यातून दिसेल. पण तीन बिंदूंच्या रेषेत चढ म्हणजे दोनच तुकडे. त्यात दिसणारं सगळं तक्त्यात आहे आणि तक्त्यात असलेले नेमके आकडे आलेखात नाहीत. बरं, रेष लांबवायला १९७१ किंवा १९६१ चे आकडे जोडावेत तर दुसरीच अडचण येते. सात वर्षांवरील लोकसंख्येवर दर काढण्याची पद्धत १९९१च्या जनगणनेपासूनची आहे. तक्त्यात अशा ओळीला तारांकन करून खाली खुलासा देता येतो. रेष मात्र वेगळ्या पायावरचे बिंदू गुपचूप जोडून मोकळी होते.

आलेखाचा खरा उपयोग आकडे वाढल्यावर होतो. २०११ मध्ये महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. त्यांच्या साक्षरतेचा तक्ता केला तर आपला जिल्हा शोधायला तो उत्तम. पण बहुतेक जिल्हे कुठे दाटले आहेत, मुंबई उपनगर जवळपास ९० टक्क्यांवर आणि नंदुरबार ६४ वर असताना मधे केवढी दरी आहे, हे ३५ ओळी वाचून कळत नाही. एका मोजपट्टीवर उतरत्या क्रमाने ठिपके मांडले की नजरेसमोर येतं.

आलेखांचा पाया घालणाऱ्या विल्यम प्लेफेअरलाही १७८६ मध्ये आकड्यांनीच अडवलं होतं. देशांच्या व्यापाराच्या रेषा तो वर्षानुवर्षांच्या आकड्यांवरून काढत होता. स्कॉटलंडचे आकडे मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते. रेष काढणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने १७ देशांशी झालेली आयात आणि निर्यात आडव्या स्तंभांत मांडली.

दोन आकडे वेगळ्या मापाचे असतील तर आलेखापासून दूरच राहावं. १९७१ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ४.१८ कोटी होते, २०११ मध्ये ८.३० कोटी. देशाच्या लोकसंख्येतला त्यांचा वाटा याच काळात ७.६२ टक्क्यांवरून ६.८६ टक्क्यांवर आला. कोटी डावीकडच्या अक्षावर आणि टक्के उजवीकडच्या अक्षावर ठेवून आलेख काढला तर दोन रेषा कुठे छेदाव्यात हे काढणाऱ्याच्या हातात राहतं. एक पट्टी जरा ताणली की छेदनबिंदू वीस वर्षं पुढेमागे सरकतो आणि त्या बिंदूला काहीही अर्थ नसतो. इथे वाक्य पुरेसं आहे: ‘चाळीस वर्षांत मराठी भाषक जवळजवळ दुप्पट झाले, पण देशाची लोकसंख्या दुपटीहून जास्त वाढल्याने त्यांचा वाटा घटला.’ वाढ आणि घट एकाच वेळी खरी कशी, याचं कारण सांगायची सोय रेषेत नसते.

म्हणून लिहिणाऱ्याने सुरुवात नेहमी वाक्यापासून करावी. मुद्दा एका वाक्यात, दोन-तीन आकड्यांत बसला तर तिथेच थांबावं. वाक्यात ‘अनुक्रमे’ घुसू लागलं, किंवा आपल्या वाक्याविरुद्ध जाणारं दुसरं खरं वाक्य त्याच आकड्यांतून निघू लागलं, तर तक्ता करावा. आकडे विसाच्या पुढे गेले आणि त्यांचा चढउतार हाच मुद्दा असला तर आलेख काढावा. साक्षरतेच्या सहा आकड्यांपुरता माझा निकाल असा: वर तफावतीचं एक वाक्य, खाली चार रकान्यांचा तक्ता. आलेखासाठी राखलेली जागा पुरुषांचा वेग का मंदावला हे सांगायला वापरावी.