वर्गणी नको, जागा विका: महोत्सवाचे प्रायोजकत्व मागणारे पत्र

तालुक्याच्या गावातला दुकानदार गणपतीपासून दिवाळीपर्यंत वर्गणीच्या पावत्या फाडून कंटाळलेला असतो. त्यात ‘आपण सढळ हस्ते मदत करावी’ असे आणखी एक पत्र आले, तर तो पाचशेची नोट काढून मोकळा होतो. ती नोट वर्गणी म्हणून ठीक आहे, पण प्रायोजकत्वाचा व्यवहार वेगळा असतो. त्यात मंडळ दुकानदाराला काही विकत असते आणि ते नेमके काय, किती व कुठे, हे पत्रात लिहावे लागते.

म्हणून पत्राची सुरुवात मैदानाच्या नकाशापासून करावी. समजा, नवरात्रात तीन दिवसांचा सांस्कृतिक महोत्सव आहे आणि खर्चाचा अंदाज चार लाखांचा आहे. मैदानावर दहा बाय दहा फुटांचे २० स्टॉल बसतात, व्यासपीठामागे वीस बाय दहा फुटांचा एक फलक लागतो आणि प्रवेशद्वारावर एक कमान उभी राहते. विकायला एवढेच आहे. यातले तीन स्टॉल महिला बचत गटांसाठी बाजूला ठेवले, की उरलेल्याचे चार स्तर असे पडतात:

- मुख्य प्रायोजक (एकच), ७५,००० रुपये: कमानीवर नाव, फलकाच्या वरच्या भागात चार फुटी लोगो, प्रवेशाजवळचे दोन जोड स्टॉल.
- सहप्रायोजक (तीन), प्रत्येकी ३०,००० रुपये: फलकाच्या खालच्या पट्टीत दोन फुटी लोगो, मुख्य वाटेवरचा एक स्टॉल.
- स्टॉलधारक (बारा), प्रत्येकी ८,००० रुपये: एक स्टॉल, टेबल, दोन खुर्च्या, एक दिवा, एक प्लग.
- शुभेच्छुक (वीस), प्रत्येकी २,००० रुपये: कार्यक्रमपत्रिकेत नाव.

सगळे स्तर भरले तर ३,०१,००० रुपये जमतात. उरलेले लाखभर वर्गणी आणि तिकिटांतून उभे करायचे. स्तरांपुढे लिहिलेली संख्या फार महत्त्वाची आहे. फलकावर चार लोगो असतील तर शेवटच्या रांगेतूनही ते ओळखता येतात, चौदा झाले की एकही वाचता येत नाही. स्टॉलचेही तसेच आहे. प्रवेशद्वारापासून खुर्च्यांपर्यंतच्या वाटेवर गर्दी जाता-येता थबकते, व्यासपीठाच्या मागे कोणी फिरकत नाही. म्हणून नकाशावर स्टॉलना क्रमांक घालून तो पत्राला जोडावा.

पत्र एका पानात मावले पाहिजे. सराफाला लिहायचे असेल तर मजकूर असा:

‘स.न.वि.वि. आमच्या मंडळाचा तीन दिवसांचा महोत्सव दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात होत आहे. मैदानावर रोज बाराशे खुर्च्या असतील. दसऱ्याच्या सोनेखरेदीपूर्वी आपले नाव या कुटुंबांसमोर यावे, यासाठी सहप्रायोजकत्वाचा प्रस्ताव पाठवत आहोत. आपण सहभागी झाल्यास अन्य सराफी पेढीला या स्तरात किंवा त्याहून वरच्या स्तरात घेतले जाणार नाही. आपला निर्णय १५ ऑगस्टपर्यंत कळवावा. सोबत स्तरांचा तक्ता, मैदानाचा नकाशा आणि गेल्या वर्षीची छायाचित्रे जोडली आहेत.’

यात खुर्च्यांची संख्या आहे, ‘हजारोंची उपस्थिती’ नाही. खुर्च्या मोजता येतात, म्हणून दुकानदार त्या आकड्यावर विश्वास ठेवतो. प्रतिस्पर्धी नसण्याची हमी त्याला लोगोच्या आकारापेक्षाही मोलाची वाटते. तारीखही विचारपूर्वक घातली आहे, कारण गणेशोत्सवाच्या वर्गण्या सुरू झाल्या की जाहिरातीचे पैसे तिकडे वळतात. मोबाइल विक्रेत्याला किंवा दुचाकीच्या शोरूमला हेच पत्र लिहिताना सोन्याच्या जागी त्याचा हंगाम यावा.

मुख्य गडबड घासाघिशीत होते. दुकानदार म्हणतो, ‘पंधरा हजार देतो, सहप्रायोजक करा.’ ओळखीपोटी कार्यकर्ता हो म्हणतो. पहिल्या संध्याकाळी तीस हजार देणारा फलक पाहतो, शेजारी तेवढाच लोगो दिसतो आणि पुढच्या वर्षी तो दार उघडत नाही. किंमत उतरवायची असेल तर वस्तूही कमी करावी: पंधरा हजारांत वाटेवरचा स्टॉल आणि पत्रिकेत नाव द्यावे, फलकावर लोगो नको.

दुसरी अडचण लोगोची. व्हॉट्सॲपवर आलेले चित्र फ्लेक्सवर मोठे केले की फाटते, म्हणून मूळ सीडीआर किंवा पीडीएफ फाइल मागावी आणि छपाईपूर्वी नमुना दाखवून होकार घ्यावा. निम्मी रक्कम होकारासोबत आणि उरलेली फलक छपाईला जाण्याआधी, मंडळाच्या खात्यातच घ्यावी. खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर फ्रीजर येणार असेल तर विजेचा भार आधी विचारावा. नाहीतर ऐन कार्यक्रमात फ्यूज उडतो.

पत्राच्या शिरोभागी मंडळाचा नोंदणी क्रमांक असावा. नोंदणी नसलेल्या मंडळाला धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, तिचा क्रमांक लिहावा. प्रायोजकत्व ही देणगी नसून जाहिरातीचा मोबदला आहे, म्हणून देणगीची पावती देऊ नये. जीएसटी कोणी भरायचा, हे सनदी लेखापालाला विचारूनच दर ठरवावेत.

महोत्सव संपल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येक प्रायोजकाला त्याच्या स्टॉलची आणि लोगोची छायाचित्रे, आभारपत्रासह, स्वतः नेऊन द्या. पुढच्या वर्षीचे पत्र तिथूनच सुरू होते.