एककस्थानापासून आरंभ: रॅडिक्स सॉर्टविषयीचे काही गैरसमज

संख्यांचा क्रम लावण्याच्या ज्या पद्धती संगणकशास्त्रात रूढ आहेत, त्यांपैकी रॅडिक्स सॉर्ट ही एक विलक्षण पद्धत आहे. कारण ती कोणत्याही दोन संख्यांची परस्परांशी तुलना करीत नाही, आणि ज्या अंकाला व्यवहारात सर्वांत कमी मोल, त्या एककस्थानच्या अंकापासूनच आपल्या कार्याला आरंभ करते. या दुसऱ्या गोष्टीमुळे प्रथम ऐकणाऱ्याचा तिच्यावर सहसा विश्वास बसत नाही. पाचशेच्या खालची संख्या कोणती आणि वरची कोणती हे शतकाच्या अंकावरून ठरत असताना एककाकडे आधी पाहणे म्हणजे उलट्या दिशेने चालणे होय, अशी त्याची समजूत होते, आणि ती दूर करावयाची तर एक उदाहरण प्रत्यक्ष सोडवून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

472, 38, 415, 470, 135, 438 आणि 12 या सात संख्या घेऊ. ज्या संख्या दोनच अंकी आहेत त्यांच्या डावीकडे शून्य मांडले आहे असे समजावे, म्हणजे 38 ही 038 आणि 12 ही 012 होते. पहिल्या फेरीत केवळ एककाचा अंक पाहावयाचा, आणि ज्यांचा तो अंक सारखा आहे त्यांचा आपापसांतील पूर्वीचा क्रम यत्किंचितही बदलावयाचा नाही. या नियमाने यादी 470, 472, 012, 415, 135, 038, 438 अशी होते. दुसऱ्या फेरीत याच नव्या यादीतील दशकाचा अंक पाहिला की 012, 415, 135, 038, 438, 470, 472 असा क्रम मिळतो, आणि तिसऱ्या फेरीत शतकाचा अंक पाहिला की 012, 038, 135, 415, 438, 470, 472 ही चढती मालिका सिद्ध होते.

असे का व्हावे, याचे उत्तर दुसऱ्या फेरीनंतरच्या यादीत आहे. त्या यादीतील शतकाचे अंक क्षणभर झाकून ठेवले, तर 12, 15, 35, 38, 38, 70, 72 अशी शेवटच्या दोन अंकांपुरती निर्दोष चढती मालिका तेथे उभी असलेली दिसते. आता तिसऱ्या फेरीत कोणत्याही दोन संख्या घ्या: त्यांचे शतकाचे अंक भिन्न असतील तर ही फेरी त्यांना योग्य जागी नेते, आणि ते अंक समान असतील तर ही फेरी त्यांच्या क्रमाला हात लावीत नाही, म्हणून आधीच्या फेऱ्यांनी लावलेला योग्य क्रम तसाच टिकतो. प्रत्येक फेरी आपल्या पूर्वीच्या सर्व फेऱ्यांच्या निर्णयावर अंतिम अधिकार चालवते, आणि म्हणूनच सर्वांत अधिकारी अंकाची पाळी सर्वांत शेवटी यावी लागते. याच फेऱ्या उलट क्रमाने, म्हणजे शतकापासून एककापर्यंत, संपूर्ण यादीवर चालवून पाहिल्या तर शेवटी 470, 012, 472, 415, 135, 038, 438 असा निकाल हाती येतो, कारण तेथे अंतिम अधिकार एककाकडे गेलेला असतो. शतकापासून आरंभ करणे मुळातच अशक्य आहे असे मात्र नव्हे. पण मग प्रत्येक शतकाचा गठ्ठा निराळा ठेवून त्याच्या पोटात दशकांचे व त्यांच्याही पोटात एककांचे गठ्ठे करावे लागतात.

या गठ्ठ्यांचा जाच किती, हे संगणकांच्या आधीच्या काळात छिद्रित पत्रांची यंत्रे चालविणाऱ्या कारकुनांना चांगले ठाऊक होते. हर्मन होलेरिथ यांच्या यंत्रांनी 1890 च्या अमेरिकन जनगणनेची गणना केली, आणि पुढे जी स्वयंचलित वर्गीकरण यंत्रे प्रचारात आली, ती एका वेळी पत्रावरील एकच स्तंभ वाचून प्रत्येक पत्र त्या त्या अंकाच्या कप्प्यात टाकीत. आयबीएमचे या जातीचे एक यंत्र मिनिटाला 450 पत्रे हाताळी. म्हणजे नऊ हजार पत्रे तीन अंकी क्रमांकाने लावावयाची असल्यास प्रत्येक स्तंभास वीस मिनिटे व एकूण एक तास, त्याखेरीज कप्पे रिकामे करण्याचा वेळ. कारकून उजवीकडच्या स्तंभापासून आरंभ करी, कप्प्यांतील पत्रे क्रमाने एकावर एक रचून पुन्हा यंत्रात घाली, आणि त्यास शंभर निरनिराळे गठ्ठे मेजावर मांडून ठेवण्याची गरज पडत नसे. एखादा गठ्ठा उचलताना तो उलटला गेला, तर मात्र साऱ्या श्रमांवर पाणी पडे.

पत्रांची ही युक्ती संगणकाच्या स्मृतीत आणताना एक अडचण उभी राहिली. कोणत्या कप्प्यात किती संख्या येतील हे आधी माहीत नसल्यामुळे दहाही कप्प्यांना भरपूर जागा राखून ठेवावी की काय, असा प्रश्न होता. हॅरल्ड सीवर्ड यांनी 1954 साली एमआयटीमध्ये दाखवून दिलेला उपाय असा, की संख्या हलविण्यापूर्वी त्यांची नुसती मोजणी करावी; मग कप्पे कल्पनेतच राहतात, आणि मूळ यादीएवढी एक दुसरी यादी मिळाली की काम भागते. आपल्या उदाहरणाच्या पहिल्या फेरीत 0 हा अंक एकदा, 2 दोनदा, 5 दोनदा आणि 8 दोनदा येतो. या मोजणीची संचयी बेरीज केली की 0 अखेर एक, 2 अखेर तीन, 5 अखेर पाच आणि 8 अखेर सात हे आकडे मिळतात, आणि प्रत्येक आकडा त्या अंकाच्या संख्यांची वस्ती नव्या यादीत कोठे संपते हे सांगतो. पुढचे काम चार ओळींचे आहे:

```
for i in range(n - 1, -1, -1):
    d = (a[i] // p) % 10
    count[d] -= 1
    b[count[d]] = a[i]
```

येथे `p` हा पहिल्या फेरीत 1, दुसऱ्या फेरीत 10 व तिसऱ्या फेरीत 100 असतो. यातील पहिली ओळ पुष्कळांना शिष्टाचारासारखी वाटते: यादी शेवटाकडून वाचली काय किंवा आरंभापासून वाचली काय, सारेच आकडे अखेर आपापल्या कप्प्यात जाणार, मग फरक कसला? समान अंकांचा क्रम टिकविणे, ज्याला या शास्त्रात स्थिरता म्हणतात, हा केवळ एक शोभेचा गुण आहे, असा जो सार्वत्रिक समज आहे, त्याचेच हे अपत्य होय, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत नुकसानकारक गैरसमज हाच.

तीच सात संख्यांची यादी घेऊन, वरील चार ओळींत फक्त वाचनाची दिशा बदलून, म्हणजे आरंभापासून वाचून, पुन्हा चालवून पाहू. `count` वस्तीच्या शेवटच्या जागेपासून मागे सरकत असल्यामुळे आधी भेटलेली संख्या मागे आणि नंतर भेटलेली पुढे जाते; प्रत्येक कप्पा त्या कारकुनाच्या हातात उलटलेल्या गठ्ठ्यासारखाच उलटा होतो. पहिल्या फेरीनंतर 470, 012, 472, 135, 415, 438, 038. दुसऱ्या फेरीनंतर 415, 012, 038, 438, 135, 472, 470. आणि तिसऱ्या फेरीनंतर 038, 012, 135, 470, 472, 438, 415. या अखेरच्या यादीकडे जरा न्याहाळून पाहावे. शतकाचे अंक 0, 0, 1, 4, 4, 4, 4 असे बिनचूक चढत्या क्रमाने आहेत, आणि बिघाड फक्त समान शतकाच्या पोटात आहे. स्थिरता हरवल्याची हीच ओळख: सर्वांत वरचा अंक शिस्तीत, आणि त्याखालचे विस्कटलेले. परीक्षेसाठी एक अंकी संख्याच घेतल्या, किंवा ज्यांचा सर्वांत वरचा अंक प्रत्येकाचा निराळा आहे अशा संख्या घेतल्या, तर हा दोष मुळीच प्रकट होत नाही, आणि सदोष आज्ञावली निर्दोष म्हणून दफ्तरी दाखल होते.

मात्र यावरून यादी शेवटाकडूनच वाचली पाहिजे असा जो ठराव काही विद्यार्थी पाठ करून ठेवतात, तोही तितकाच अपुरा आहे. संचयी बेरजेतून वस्तीच्या शेवटाऐवजी वस्तीचा आरंभ काढला, म्हणजे 0 साठी शून्य, 2 साठी एक, 5 साठी तीन आणि 8 साठी पाच अशा जागा धरल्या, आणि प्रत्येक संख्या ठेवल्यावर ती जागा एकाने वाढविली, तर यादी आरंभापासून वाचली असताच क्रम टिकतो. नियम वाचनाच्या दिशेचा नसून वाचनाची दिशा आणि जागा सरकण्याची दिशा एकच असावी, एवढाच आहे.

उरला वेगाचा प्रश्न. तुलनेवर चालणारी कोणतीही पद्धत घेतली तरी n संख्यांना सर्वांत वाईट प्रसंगी n गुणिले लॉग n या प्रमाणात तुलना कराव्या लागतात, हा सिद्ध झालेला सिद्धांत आहे, आणि रॅडिक्स सॉर्टने तो मोडीत काढला असे उत्साहाच्या भरात लिहिले जाते. वस्तुतः तो सिद्धांत केवळ तुलनेतूनच माहिती मिळविणाऱ्या पद्धतींना लागू आहे. येथे संख्येचा अंक काढून त्याचाच पत्ता म्हणून उपयोग होत असल्याने त्याचा अंमल येथवर पोहोचतच नाही. उलट श्रमांचा खरा हिशेब फेऱ्यांची संख्या गुणिले यादीची लांबी व कप्प्यांची संख्या यांची बेरीज असा असून, फेऱ्या किती हे सर्वांत मोठ्या संख्येवर ठरते. आपल्या यादीत एकच दहा अंकी संख्या आली, तर बाकीच्या साऱ्यांना तिच्यापायी दहा फेऱ्या कराव्या लागतील.

अर्थात संगणकावर दशमान अंकांचा आग्रह कोणी धरीत नाही. 32 बिटांच्या संख्येचे आठ आठ बिटांचे चार भाग पाडले की 256 कप्प्यांच्या चारच फेऱ्या पुरतात. दहा लाख संख्यांसाठी प्रत्येक फेरीत एकदा मोजण्याकरिता व एकदा ठेवण्याकरिता वाचन धरले, तर एकूण ऐंशी लाख वाचने होतात, आणि तुलनेच्या पद्धतीला तेथे सुमारे दोन कोटी तुलना लागतात. सोळा बिटांचे दोनच भाग पाडून फेऱ्या निम्म्या करता येतात, पण मग प्रत्येक फेरीत 65536 मोजण्या शून्य करून त्यांची बेरीज घ्यावी लागते, आणि यादी हजार संख्यांचीच असेल तर संख्यांपेक्षा रिकाम्या कप्प्यांचीच सरबराई अधिक होते. अशा छोट्या यादीपुढे साधी तुलनेची पद्धतच पुष्कळदा सरस ठरते, आणि दुसऱ्या यादीची जागाही वाचते.

हे सारे विवेचन ऋण नसलेल्या पूर्णांकांपुरते आहे, ही मर्यादाही ध्यानी असावी. संगणकाच्या प्रचलित मांडणीत 32 बिटांतील उणे एकची बिटे ही 4294967295 या संख्येची बिटे असतात, म्हणून आठ आठ बिटांची तीच पद्धत ऋण संख्यांवर चालविली तर त्या सर्व धन संख्यांच्या नंतर जाऊन बसतात. अखेरच्या फेरीपूर्वी चिन्हाचे बिट उलटवून घेतले आणि फेरीनंतर ते पूर्ववत केले, म्हणजे त्या आपल्या योग्य जागी परततात.