शंभर डॉलरच्या पेनाची रुपयातली किंमत

परदेशी दुकानाच्या संकेतस्थळावर दिसणारी किंमत आणि ती वस्तू भारतात घरी येईपर्यंत खिशातून गेलेली रक्कम यांत दुपटीहून अधिक अंतर पडू शकते. हे अंतर तीन ठिकाणी तयार होते: बँकेकडे, वाहतुकीत आणि सीमाशुल्क विभागाकडे. हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. २०२४ सालच्या अखेरीस अमेरिकेतल्या एका दुकानातून १०० डॉलरचे शाईपेन मागवले. विमानाने कुरियर करण्याचे ३० डॉलर वेगळे. गणित सोपे राहावे म्हणून कार्ड कंपनीचा दर डॉलरला ८४ रुपये धरला आहे.

पहिला टप्पा कार्डाचा. १३० डॉलरचे ८४ च्या दराने १०,९२० रुपये होतात. त्यावर बहुतेक भारतीय बँका परकीय चलनाचा मार्कअप लावतात. नेहमीच्या कार्डांवर तो ३.५ टक्क्यांच्या आसपास असतो, काही कार्डांवर २ टक्के, तर थोड्या कार्डांवर शून्य. ३.५ टक्क्यांनी ३८२ रुपये २० पैसे होतात. या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ६८ रुपये ८० पैसे. एकूण ४५१ रुपये, म्हणजे कार्डाचा खरा बोजा ३.५ नव्हे तर ४.१३ टक्के. बिलावर या दोन रकमा अनेकदा मूळ व्यवहारापासून वेगळ्या ओळींत, कधी दोन दिवसांनी दिसतात, त्यामुळे त्या नजरेतून सुटतात. रुपयांत रूपांतर होते तेही पैसे देण्याच्या क्षणी नव्हे. दुकानदाराने रक्कम वसूल करून व्यवहार पूर्ण केला त्या दिवसाचा दर लागू होतो. मोबाइलवर आलेल्या संदेशातली रक्कम आणि महिन्याच्या बिलातली रक्कम थोडी वेगळी निघते, ती यामुळे.

काही संकेतस्थळे पैसे देताना ‘रुपयांत द्यायचे का’ असा पर्याय देतात. रुपयांत आकडा दिसल्याने तो स्वस्त वाटतो, पण तिथे दर ठरवतो तो दुकानदार किंवा त्याची पेमेंट सेवा, आणि त्यात त्यांचा नफा आधीच मिसळलेला असतो. शिवाय रुपयांत पैसे देऊनही दुकान परदेशातले असल्याने अनेक बँका वेगळे शुल्क लावतात. सहसा डॉलरचाच पर्याय निवडलेला बरा.

आता सीमाशुल्क. इथला सर्वांत मोठा गैरसमज असा की शुल्क फक्त वस्तूच्या किमतीवर लागते. प्रत्यक्षात ते वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. २००७ च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांत मात्र ग्राहकाच्या सोयीची एक तरतूद आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. माल विमानाने आला असेल तर वाहतुकीचा धरला जाणारा खर्च वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे पेनाच्या ३० डॉलर वाहतुकीपैकी शुल्कासाठी २० डॉलरच मोजायचे. विम्याची रक्कम कळण्यासारखी नसेल तर ती वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात.

डॉलरचा दरही इथे वेगळा असतो. बँकेचा किंवा कार्डाचा दर सीमाशुल्क विभाग पाहत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाकडून ठरावीक काळाने आयातीसाठीचा दर जाहीर होतो आणि तोच चालतो. उदाहरणात तो ८५ रुपये धरू. पेनाचे ८,५०० रुपये, वाहतुकीचे १,७०० आणि विम्याचे सुमारे ९६ मिळून करपात्र मूल्य १०,२९६ रुपये झाले.

पोस्टाने किंवा विमानाने स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या करपात्र वस्तूंना सीमाशुल्काच्या दरपत्रकात ९८०४ हा स्वतंत्र मथळा आहे. त्यात पेन असो की कॅमेऱ्याची पिशवी, दर साधारण एकच. औषधांसारखे मोजके अपवाद वेगळे. २०२४ साली मूळ सीमाशुल्क ३५ टक्के होते. १०,२९६ वर ते ३,६०४ रुपये. या शुल्कावर (वस्तूच्या मूल्यावर नव्हे) १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ३६० रुपये. मग मूल्य, शुल्क आणि अधिभार या तिन्हींची बेरीज १४,२६० रुपये घेऊन त्यावर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे ३,९९३ रुपये. करावर कर चढत असल्याने २८ टक्के हा आकडा फसवा आहे. वस्तूच्या मूल्याशी तुलना केली तर तो जवळजवळ ३९ टक्के पडतो. सगळे मिळून शुल्क ७,९५७ रुपये, म्हणजे मूल्याच्या ७७.२८ टक्के.

शेवटी कुरियर कंपनी. ग्राहकाच्या वतीने शुल्क आधी स्वतः भरल्याबद्दल ती सेवाशुल्क घेते आणि त्यावरही जीएसटी असतो. ते ५०० रुपये धरले तर करासह ५९०. आता बेरीज: कार्डावर ११,३७१, सीमाशुल्क ७,९५७, कुरियरचे ५९०. एकूण १९,९१८ रुपये. संकेतस्थळावरच्या १०० डॉलरचे ज्याने मनात ८,४०० रुपये केले, त्याच्या हिशेबाच्या हे दुपटीहून अधिक झाले.

दर मात्र कायम नसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची २८ टक्क्यांची पायरी बहुतेक वस्तूंसाठी मोडीत निघाली आणि वैयक्तिक वापराच्या वस्तूंवरचा आयजीएसटी १८ टक्क्यांवर आला. मूळ शुल्काचा ३५ टक्के दरही खाली आणला गेला. त्यामुळे आज तेच पेन बरेच स्वस्त पडेल, पण मोजण्याची पद्धत तीच आहे. ऑर्डर दिल्या दिवसाचा दर इथे उपयोगाचा नाही. माल देशात येऊन त्याची कागदपत्रे दाखल होतात तेव्हाचा दर लागतो.

आकारणी बरोबर झाली का, हे कुरियर कंपनीकडून मिळणाऱ्या बिल ऑफ एंट्रीवर तपासता येते. त्यात वाहतूक किती धरली, विनिमय दर कोणता लावला आणि वस्तू कोणत्या मथळ्याखाली टाकली, हे छापलेले असते. वाहतूक २० टक्क्यांच्या वर धरलेली दिसली तर कंपनीकडे विचारणा करायला जागा आहे. पाकिटावर ‘भेटवस्तू’ लिहिल्याने मात्र काही वाचत नाही. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना मिळणारी जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्ये काढण्यात आली. राखी आणि जीवरक्षक औषधे तेवढी तिच्यातून वगळली. किंमत कमी लिहिली तर अधिकारी ती नाकारून संकेतस्थळावरचा भाव ग्राह्य धरू शकतात.

पेन पसंत पडले नाही आणि परत पाठवले, तर दुकान १०० डॉलर परत करते, पण ते रुपयांत येतात परताव्याच्या दिवसाच्या दराने. बँकेचा मार्कअप सहसा परत येत नाही. भरलेले सीमाशुल्क परत मागता येते: १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७४ नुसार तीच वस्तू ओळख पटवून पुन्हा निर्यात केली तर ९८ टक्क्यांपर्यंत परतावा मिळू शकतो. मात्र त्यासाठी निर्यातीची रीतसर कागदपत्रे आणि तपासणी लागते, आणि एका पेनासाठी तो खटाटोप करण्यात परत मिळणाऱ्या रकमेचा मोठा भाग खर्ची पडतो.