परक्या प्रोजेक्टरवर वीस मिनिटं

सकाळी ६. दुपारी अडीचला तालुक्याच्या कॉलेजात भूगोलाच्या मुलांसमोर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेवर बोलायचंय. वेळ वीस मिनिटं, स्लाइड्स चौदा. तिथला प्रोजेक्टर मी पाहिलेला नाही, त्यामुळे तालीम घरीच आणि लॅपटॉपवरच करायची. दुसरा पडदा जोडलेला नसतानाही पॉवरपॉइंटमध्ये Alt+F5 दाबलं की प्रेझेंटर व्ह्यू उघडतो: चालू स्लाइड, पुढची स्लाइड, टिपणं आणि वर चालणारं घड्याळ. टिपणांची अक्षरं तिथल्या तिथे मोठी करता येतात. ती उभ्यानं, हातभर अंतरावरून वाचता येतील एवढी करून घेते.

सकाळी ७. आता वेळेची तालीम. Slide Show मधल्या Rehearse Timings वर मोठ्यानं, उभं राहून बोलायचं. मनातल्या मनात वाचलं तर वेळ नेहमी कमी भरतो. एकूण निघाली सव्वीस मिनिटं. शेवटी वेळा जतन करायच्या का, असं विचारतात. मी हो म्हणते, कारण मग स्लाइड सॉर्टरमध्ये प्रत्येक स्लाइडखाली तिचा वेळ दिसतो आणि जास्तीची मिनिटं कुठे गेली ते कळतं. महाबळेश्वर ते वाई या एका छेदचित्रावरच साडेपाच मिनिटं गेली होती. ढग चढतो, पाऊस पडतो, वारा कोरडा होऊन उतरतो, हे सगळं मी एकाच चित्रावर सांगत होते. त्यातलं तापमानाचं गणित काढून टाकलं. ते प्रश्नोत्तरांत येईलच. शेवटच्या दोन स्लाइड्सही गेल्या.

एक गोष्ट इथंच करायची: Use Timings ची खूण काढायची. ती राहिली, तर भर व्याख्यानात स्लाइड्स तालमीच्या वेळेनुसार आपोआप सरकतात आणि वक्ता मागे पडतो.

सकाळी ९. पर्यायी फायली. माझा मजकूर मुक्ता फॉन्टमध्ये आहे. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तो नसेल तर तिथला दुसरा देवनागरी फॉन्ट लागतो, ओळी लांबतात आणि शेवटचे शब्द चौकटीबाहेर जातात. म्हणून फाइलमध्येच फॉन्ट घातला (File, Options, Save, Embed fonts in the file). पण तिथे पॉवरपॉइंटच नसेल तर याचा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी पीडीएफ, कारण तिच्यात अक्षरं जशीच्या तशी राहतात.

पीडीएफमध्ये अॅनिमेशन मात्र राहत नाही. छेदचित्रावर एकामागून एक येणारे बाण तिथे एकदमच दिसतात. म्हणून मूळ फाइलमध्येच ते चित्र तीन स्लाइड्सवर वाटलं: आधी डोंगर, मग वारा, मग पाऊस. आता कोणत्याही फायलीतून सांगितलं तरी क्रम तोच. दोन्ही फायली पेनड्राइव्हवर आणि स्वतःला पाठवलेल्या मेलमध्येही ठेवल्या. टिपणं कागदावर छापली, कारण कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून बोलावं लागलं तर टिपणं माझ्यासमोर असतीलच असं नाही.

दुपारी १. दीड तास आधी पोहोचले. "मामा, प्रोजेक्टरला कोणती वायर आहे?" "जुनीच आहे मॅडम, निळ्या टोकाची." म्हणजे व्हीजीए. माझ्या लॅपटॉपला एचडीएमआय आहे, म्हणून अॅडॅप्टर पिशवीत होता. व्हीजीएतून आवाज जात नाही. माझ्या स्लाइड्समध्ये व्हिडिओ नाही, म्हणून चाललं.

दुपारी १.१५. चित्र आलं, पण पडद्यावर आणि लॅपटॉपवर एकच. Windows+P दाबून Duplicate ऐवजी Extend निवडलं. Duplicate मध्ये पॉवरपॉइंटला एकच पडदा दिसतो. तेव्हा F5 दाबलं तर टिपणं कुठेच दिसत नाहीत आणि Alt+F5 दाबलं तर ती सगळ्या वर्गाला दिसतात. Extend करूनही उलटं झालं, टिपणं पडद्यावर आणि स्लाइड माझ्याकडे. प्रेझेंटर व्ह्यूमध्ये Display Settings खाली Swap Presenter View and Slide Show आहे, त्यानं सरळ झालं. प्रोजेक्टर 1024 x 768 चा असल्यानं रुंद स्लाइडच्या वर आणि खाली काळे पट्टे आले. ते राहू दिले. पडदा भरावा म्हणून चित्र ताणलं तर डोंगराचा उतारच खोटा दिसतो. मग शेवटच्या बाकावर बसून सगळ्यात लहान अक्षर वाचून पाहिलं. वाचता आलं.

दुपारी २.३०. स्लाइड शो आधीच सुरू होता, त्यामुळे स्वागत, श्रीफळ, परिचय हे सगळं घड्याळात धरलं गेलं. बोलायला उभी राहिल्यावर आधी घड्याळ शून्यावर आणलं. मध्ये एका मुलानं वाईबद्दल विचारलं तेव्हा B दाबून पडदा काळा केला, त्याच्याकडे बघून उत्तर दिलं आणि पुन्हा B दाबलं. परत छेदचित्र दाखवायचं होतं. स्लाइडचा आकडा टाइप करून एंटर मारलं की थेट तिथे जाता येतं. महत्त्वाच्या स्लाइड्सचे आकडे टिपणांच्या कागदावर लिहिलेलेच असतात.

दुपारी ३. व्याख्यान वेळेत संपलं. पेनड्राइव्ह पिशवीतून बाहेर काढावाच लागला नाही.

आयोजकांना एक विनंती. निमंत्रणात तारीख, वेळ आणि स्थळ असतंच. त्याखाली प्रोजेक्टरला कोणती केबल लागते आणि हॉलमधल्या कॉम्प्युटरवर स्लाइड्ससाठी कोणतं सॉफ्टवेअर आहे, एवढी एक ओळ जोडा.