ही चिठ्ठी शेजारच्या वहीला चालेल का?

फेब्रुवारी संपत आला की शेंदूरजनाघाटची दुपार तापू लागते. मृग बहाराची तोड चालू आहे. कॅरेटांनी भरलेले मेटॅडोर वरुडच्या दिशेने जातात, रिकामे परत येतात. उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसते. शाळेच्या आवारात पाण्याच्या टाकीपाशी मधल्या सुट्टीची रांग अजून हटलेली नाही. कुणी ओंजळीने पितो, कुणी बाटली भरतो, मागचा पुढच्याला ढकलतो. घंटा होते आणि रांग एकदम फुटते.

नववीचा वर्ग टिनाच्या छपराखाली आहे. वीज गेलेली आहे. पंखे थांबलेत, खिडक्या सताड उघड्या आहेत. ४२ मुलं वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसली आहेत. मराठीच्या मॅडमच्या टेबलावर निबंधांचा गठ्ठा आहे. एका निबंधाला पाच मिनिटं धरली तरी हा गठ्ठा साडेतीन तासांचा होतो, आणि असे वर्ग त्यांच्याकडे आणखीही आहेत. निबंध तपासून परत मिळेपर्यंत मुलगा आपण काय लिहिलं होतं तेच विसरून गेलेला असतो. म्हणून आज निबंध मुलंच एकमेकांचे वाचणार आहेत. जोडून दोन तास घेतलेत.

मागच्या भिंतीवर सहा फुलपाखरं डकवली आहेत. मी वाकून बघतो. अमेरिकेत आयडाहो राज्यात बॉइसी नावाचं शहर आहे. तिथल्या पहिलीतल्या एका मुलाने ही काढलेली. पहिलं चित्र कुठलंही पोर काढील तसं आहे. सहावं थेट पुस्तकात छापावं असं. मधल्या प्रत्येक चित्राआधी कुणीतरी काहीतरी सांगितलेलं आहे. पंख गोल झालेत, खऱ्या फुलपाखराचे टोकदार आहेत. आधी आकार बघू, नक्षी नंतर. ‘छान’ एवढ्या एका शब्दावर तो मुलगा पहिल्याच चित्रापाशी थांबला असता.

मॅडम आधी सराव घेतात. फळ्यावर एक निनावी परिच्छेद लिहितात. ‘पहिला पाऊस आला. सर्व प्राणिमात्र आनंदले. मातीचा सुगंध दरवळला. आजी अंगणातल्या गोवऱ्या आत नेत होती. पाऊस खूप महत्त्वाचा आहे.’ हा कुणाचाच नाही, त्यांनीच रचलेला आहे. त्यामुळे कुणाला लागत नाही, कुणाची बाजूही घ्यावी लागत नाही. प्रत्येकाने यावर एक चिठ्ठी लिहायची. पाच मिनिटं पेनं चालतात. मग मुलं ओळीने पुढे येतात, चिठ्ठी मॅडमच्या हातात देतात. मॅडम मोठ्याने वाचतात आणि वर्गालाच विचारतात, कोणत्या ढिगात टाकू?

ढीग तीन आहेत. पहिला भराभर वाढतो. ‘खूप छान.’ ‘निबंध आवडला.’ ‘असेच लिहीत राहा.’ दुसरा ढीग बोचऱ्यांचा. ‘याला निबंध म्हणतच नाहीत.’ ‘गाईडमधून उतरवला.’ ही चिठ्ठी वाचताना मागच्या बाकावर हशा होतो आणि मॅडम तो हशा विरेपर्यंत गप्प उभ्या राहतात. तिसरा ढीग सगळ्यात लहान. त्यातली एक चिठ्ठी अशी आहे, ‘आजी गोवऱ्या नेते ते वाक्य राहिलं लक्षात. पाऊस आला की आमच्या घरी पण पहिले हेच होते. किती गोवऱ्या भिजल्या?’

‘ही काऊन वेगळी?’ मॅडम विचारतात.

‘तिनं वाक्य धरलं, मॅडम.’

मॅडम मान हलवतात. बगीचा बघायला आलेला व्यापारी नुसतं ‘छान आहे’ म्हणून जातो का, असं विचारतात. मुलं हसतात. व्यापारी झाडाखाली शिरतो, फांदी वर करून मागची फळं बघतो, कोणत्या ओळीचं फळ बारीक राहिलंय ते बोटाने दाखवतो. या वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांनी हे घरी पाहिलेलं आहे.

मग गाईडवाली बोचरी चिठ्ठी त्या पुन्हा हातात घेतात. तक्रार खरी आहे, परिच्छेद खरंच तसा आहे. ती फेकून न देता वर्गाकडून बदलून घेतात. दोनतीन खाडाखोडींनंतर फळ्यावर येतं, ‘दुसरं आणि तिसरं वाक्य मी आधीही कुठं कुठं वाचलं आहे. तुमच्या अंगणात काय झालं ते इथं वाचायला मिळेल का?’ मुद्दा तोच राहिला. माणसावरून तो वाक्यावर आला आणि लिहिणाऱ्याला करायला काहीतरी मिळालं.

आता फळ्यावर पडताळ्याच्या ओळी येतात. पूर्ण वाचून होईपर्यंत पेनाचं टोपण काढायचं नाही. लक्षात राहिलेलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवायचं आणि का राहिलं ते सांगायचं. जिथं अडखळलो तिथं प्रश्न विचारायचा. सुचवायचं ते एकच, आज रात्री घरी बसून करता येईल असं. शुद्धलेखनाला हात लावायचा नाही, गुण द्यायचे नाहीत. चिठ्ठी देण्याआधी स्वतःला विचारायचं, ही शेजारच्या वहीला लावली तर चालेल का? चालत असेल तर फाडायची.

शुद्धलेखन वगळल्यावर कुजबुज होते. पोरांना तेच सोपं वाटतं. ऱ्हस्व-दीर्घ दिसलं की गोल करायचा, काम झालं. पण सगळे गोल बरोबर असतातच असं नाही. न्यूझीलंडमधल्या एका संशोधकाने वर्गातल्या मुलांना माइक लावून त्यांचं बोलणं वर्षानुवर्षं ऐकलं. त्याचं पुस्तक २००७ साली आलं. मुलांना आपल्या कामाबद्दल जे ऐकायला मिळतं, त्यातलं सुमारे ८० टक्के एकमेकांकडून येतं आणि त्यातलंही ८० टक्के चूक असतं, असं त्याचं म्हणणं आहे. म्हणून इथे वाचणाऱ्याकडून फक्त तेवढंच मागितलं आहे, जे त्याला नक्की माहीत असतं. काय आवडलं, कुठे कळलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ मॅडम बघणार.

आणखी एक सूचना मॅडम हळू आवाजात देतात. ज्याला आपला निबंध फक्त मॅडमनाच दाखवायचा आहे, त्याने पानाचा कोपरा दुमडायचा. कारण विचारलं जाणार नाही. त्याला वाचायला फळ्यावरचाच परिच्छेद मिळेल. दोन कोपरे दुमडले जातात. या भागात ‘माझे बाबा’ किंवा ‘आमची शेती’ लिहिताना मुलं कर्जाचं लिहून बसतात, घरातल्या भांडणाचं लिहून बसतात. एवढी सोय हवीच.

वह्या फिरतात. जोड्या मॅडमनी लावल्यात, जिवलग मित्र मुद्दाम वेगळे केलेत. वर्गात फक्त पानांचा आवाज. घामाने कागद हाताला चिकटतो. मी खिडकीकडच्या बाकापाशी थांबतो. तिथली मुलगी शेजारच्या मुलाची वही वाचते आहे. विषय आहे ‘बगीच्यातला तोडीचा दिवस’. वही मलाही दिसते.

‘आमच्या बगीच्यात तोड सुरू होती. सगळीकडे आनंदीआनंद पसरला होता. निसर्गाने जणू सोन्याची उधळण केली होती. पक्षी किलबिलाट करत होते. बाबा खूश होते. ते झाडाखाली पडलेली संत्री मोजत होते. गाडी भरून गेली. असा तो दिवस मी कधीच विसरणार नाही.’

मुलगी शेवटापर्यंत जाते, परत वर येते. टोपण काढते. पहिली चिठ्ठी लिहिते, ‘वर्णन छान आहे.’ थांबते. डावीकडच्या वहीकडे नजर टाकते, तीही वर्णनाचीच आहे. चिठ्ठी फाडते. दुसऱ्या चिठ्ठीला बराच वेळ लागतो. ‘“ते झाडाखाली पडलेली संत्री मोजत होते” हे राहिलं, कारण तोडीच्या दिवशी सगळे झाडावरची मोजतात. बाबा खूश होते तर पडलेली काऊन मोजत होते? सोन्याची उधळण काढून तिथं बाबांचं लिही.’

तीन वाक्यं आहेत. पडताळ्यातलं सगळं त्यात आलं आहे.

सगळीकडे असं होत नाही. मधल्या रांगेत एका हुशार मुलाने समोरच्याचा अख्खा निबंध नव्याने लिहून दिला आहे आणि समोरचा तो गुपचूप उतरवून घेतो आहे. मॅडम तो कागद काढून घेतात आणि म्हणतात, यातली एकच गोष्ट सांग, बाकी त्याला करू दे. पलीकडे एका मुलीने मैत्रिणीच्या निबंधातल्या ‘मले भेव वाटलं’वर काट मारली आहे. ते आजीच्या तोंडचं वाक्य आहे, अवतरणात आहे. काट मारणारीला कोण बोलतंय ते कळलं नव्हतं. मग तोच प्रश्न विचार, मॅडम सांगतात. ती काटेजवळ लिहिते, ‘हे कोण म्हणते?’ यामुळे लिहिणारीला कळतं की आजीचं नाव वाक्यात आधी यायला हवं होतं. ‘मले’ तसंच राहतं.

दुसऱ्या तासाची घंटा होते. आता चिठ्ठी मिळालेल्याने उत्तर द्यायचं आहे. काय घेतलं, काय नाही घेतलं आणि का नाही. न घेण्याची मुभा आहे, पण कारण न देण्याची नाही. मला सगळ्या खटाटोपात हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नुसतं ऐकून बदलणारा मुलगा आधी मॅडमचं ऐकून बदलायचा, आता शेजारणीचं ऐकून बदलेल. न घेण्याचं कारण लिहायला बसला की त्याला स्वतःचा निबंध पुन्हा वाचावा लागतो. पुढल्या वर्षी दहावीच्या ८० गुणांच्या पेपरात अशा लेखनाला ८ गुण असतात आणि तिथे शेजारची चिठ्ठी नसते.

खिडकीजवळचा मुलगा चिठ्ठी दोनदा वाचतो. कान लाल झालेत. ‘माह्या निबंधात सगळं चांगलंच तर आहे,’ तो पुटपुटतो. मुलगी काही बोलत नाही. चार मिनिटं लिहिणाऱ्याने बोलायचं, वाचणाऱ्याने ऐकायचं, असं ठरलेलं आहे. मग तोच सांगू लागतो. फळगळ खूप झाली होती. व्यापारी पडलेलं फळ धरत नव्हता. बाबा सकाळपासून बोलतच नव्हते.

‘मंग खूश काऊन लिहिलं?’

‘निबंधात तसंच लिहितात न.’

तो वही ओढून घेतो. सोन्याची उधळण खोडतो. खाली लिहितो, ‘बाबा झाडाखालची संत्री वेगळ्या कॅरेटात टाकत होते. व्यापारी म्हणाला, हे आपल्या सौद्यात नाही. बाबांनी कॅरेट उचलून पाहिलं आणि परत खाली ठेवलं.’ ‘बाबा खूश होते’ खोडायला पेन टेकवतो आणि थांबतो. ते वाक्य तो उचलून अगदी वर नेतो आणि त्याला जोडतो, ‘आदल्या रात्री.’

पक्षी त्याने काढलेले नाहीत. उत्तराच्या रकान्यात लिहितो, ‘पक्षी ठेवले. ते खरंच होते.’

मॅडम रांगेतून येतात, रकाना वाचतात, पुढे जातात. वीज येते, पंखे कुरकुरत फिरू लागतात, चिठ्ठ्या उडतात आणि चाळीस हात एकदम वह्यांवर पडतात. मुलगा एका हाताने पान दाबून धरतो, दुसऱ्याने वही मुलीकडे सरकवतो.

‘आता पाय वाचून. अजून कुठी अडते?’

ती पेनाचं टोपण लावते आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागते.